पासवर्ड बरोबर, तरी दार बंद

एखाद्या वेबसाइटचं सॉफ्टवेअर बदललं की पुढचे काही दिवस मदतकक्षाकडे एक ठरावीक तक्रार येत राहते. ‘पासवर्ड बरोबर टाकतोय, तरी आत घेत नाही.’ उत्तरही ठरलेलंच असतं. कॅप्स लॉक बघा, नीट आठवून बघा, नाहीतर ‘पासवर्ड विसरलात?’वर टिचकी मारा. तक्रार करणारे थोडे असतात आणि बाकी सगळ्यांचं सुरळीत चाललेलं असतं, त्यामुळे संशय त्यांच्याच बोटांवर आणि आठवणीवर जातो. पण पुष्कळदा ही माणसं खरं बोलत असतात. पासवर्ड तोच आहे, टाकणाराही तोच. बदललंय ते सर्व्हरवर पासवर्ड तपासण्याचं गणित, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्या गणितापर्यंत पासवर्ड पोहोचण्याची वाट. गणित बदलल्याचं सगळ्यांना माहीत असतं. वाट बदलल्याचं मात्र बदलणाऱ्यालाही माहीत नसतं.

मुळात नीट बांधलेली वेबसाइट तुमचा पासवर्ड साठवतच नाही. पासवर्डवर एक गणिती प्रक्रिया करून जो आकडा निघतो, तेवढाच ती ठेवते. या आकड्याला हॅश म्हणतात. गव्हाचं पीठ होतं, पिठाचा गहू होत नाही; तसंच पासवर्डवरून हॅश काढता येतो, हॅशवरून पासवर्ड काढता येत नाही. तुम्ही लॉगिन करता तेव्हा सर्व्हर तुमच्या अक्षरांचा पुन्हा हॅश काढतो आणि साठवलेल्याशी ताडून बघतो. दोन्ही तंतोतंत सारखे असतील तरच दार उघडतं.

‘तंतोतंत’ हा शब्द इथे शब्दशः घ्यायचा. १९९०च्या दशकात आलेल्या आणि पुढे वर्षानुवर्षं सगळीकडे वापरल्या गेलेल्या एमडी५ या पद्धतीने `hello` या शब्दाचा हॅश काढला तर पहिली ओळ मिळते. त्याच शब्दाच्या शेवटी फक्त एन्टरचं, डोळ्यांना न दिसणारं एक चिन्ह चिकटलं तर दुसरी:

```
5d41402abc4b2a76b9719d911017c592
b1946ac92492d2347c6235b4d2611184
```

दोन्हींत काही साम्य शोधायला जाऊ नका, नाहीच. एक बाइट इकडचा तिकडे झाला की सगळा हॅश बदलतो. ‘जवळपास बरोबर’ असा निकाल इथे मिळत नाही. त्यामुळे चूक नेमकी कुठे झाली याचा मागही हॅशकडे बघून लागत नाही. सर्व्हरला एवढंच कळतं की जुळलं नाही, आणि तो ‘पासवर्ड चुकीचा आहे’ असं सांगून मोकळा होतो.

एमडी५ सोडावी लागली ती तिच्या वेगामुळे. हॅश उलटा फिरवता येत नसला तरी चोराला अंदाज बांधता येतोच. तो कोट्यवधी शब्दांचे हॅश काढतो आणि चोरलेल्या यादीशी ताडतो, आणि एमडी५ला एका हॅशसाठी इतका कमी वेळ लागतो की हे काम स्वस्तात होतं. म्हणून नव्या पद्धती मुद्दाम संथ केलेल्या आहेत. नील्स प्रोव्होस आणि डेव्हिड माझिएर यांनी १९९९ साली मांडलेली बीक्रिप्ट ही त्यांतली सर्वांत रुळलेली. शिवाय या पद्धती प्रत्येक पासवर्डात सॉल्ट नावाचा वेगळा यादृच्छिक मजकूर मिसळतात, त्यामुळे दोघांचा पासवर्ड एकच असला तरी हॅश निराळे निघतात.

आता अडचण अशी की जुन्या हॅशचं नव्या पद्धतीत रूपांतर करायचं तर मूळ पासवर्ड लागतो, आणि तो कोणाकडेच नाही. यावर दोन तोडगे आहेत. एक म्हणजे वाट बघायची. माणूस लॉगिन करेल त्या क्षणी त्याचा पासवर्ड सर्व्हरच्या हातात असतो. तेव्हा जुन्या पद्धतीने तपासायचा आणि जुळला की लगेच नव्या पद्धतीने हॅश करून ठेवायचा. पण जी माणसं परत येतच नाहीत त्यांचे कमकुवत हॅश तसेच पडून राहतात. दुसरा तोडगा म्हणजे वेष्टन: जुन्या हॅशलाच पासवर्ड समजून त्यावर नवी प्रक्रिया चालवायची. सगळी खाती एका रात्रीत सुरक्षित होतात. बहुतेक शहाणी मंडळी दोन्ही करतात, आधी वेष्टन आणि मग लॉगिनच्या वेळी खरं रूपांतर. कागदावर यात बिघडण्यासारखं काही दिसत नाही.

बिघडतं कसं ते बघायला पीएचपीबीबी या मोफत सॉफ्टवेअरचं उदाहरण चांगलं आहे, कारण त्याचा कोड कोणालाही वाचता येतो. ऑनलाइन चर्चामंच चालवण्यासाठी ते जगभर वापरलं गेलं. त्याची दुसरी आवृत्ती २००२ साली आली, तिसरी डिसेंबर २००७मध्ये. दुसऱ्या आवृत्तीत पासवर्डचा साधा, बिनसॉल्टचा एमडी५ हॅश होता, ३२ अक्षरांचा. तिसरीने पीएचपास ही पद्धत घेतली. तिच्यात सॉल्ट मिसळून प्रक्रिया दोन हजारांहून अधिक वेळा फिरवली जाते आणि हॅश `$H$9` अशा सुरुवातीचा, ३४ अक्षरांचा होतो. स्थलांतराची आज्ञावली जुन्या प्रत्येक हॅशला नव्याचं वेष्टन चढवायची आणि त्या सदस्यापुढे ‘याचं रूपांतर बाकी आहे’ अशी खूण करून ठेवायची. सदस्य आला की त्याचा पासवर्ड आधी एमडी५मधून, मग पीएचपासमधून काढायचा, जुळला की नवा हॅश लिहून खूण पुसायची. योजना चोख होती.

पण दोन आवृत्त्यांमध्ये आणखी एक गोष्ट बदलली होती. दुसरी आवृत्ती प्रत्येक भाषेच्या जुन्या एन्कोडिंगवर चाले, तिसरी पूर्णपणे यूटीएफ-८वर.

हॅशची प्रक्रिया अक्षरांवर चालतच नाही, बाइटांवर चालते. कोणत्या अक्षरासाठी कोणते बाइट, हे एन्कोडिंग ठरवतं. समजा एका जर्मन सदस्याने २००४ साली `Kästner` हा पासवर्ड ठेवला. इंग्रजी आणि जर्मन पानांचं एन्कोडिंग तेव्हा आयएसओ-८८५९-१ असे. ब्राउझर व्यवहारात त्याला विंडोज-१२५२ समजून चालत. त्यात `ä` या अक्षराला एकच बाइट आहे, `E4`. यूटीएफ-८मध्ये त्याच अक्षराला दोन लागतात, `C3` आणि `A4`. म्हणजे तोच पासवर्ड त्याच बोटांनी टाकला तरी सर्व्हरपर्यंत पोहोचणारे बाइट असे:

```
2004:  4B E4 73 74 6E 65 72
2008:  4B C3 A4 73 74 6E 65 72
```

सातचे आठ झाले. हॅश वेगळा, दार बंद. ज्यांच्या पासवर्डात निव्वळ इंग्रजी अक्षरं आणि आकडे होते त्यांना काहीच जाणवलं नाही, कारण तेवढ्या चिन्हांसाठी दोन्ही एन्कोडिंगांचे बाइट सारखेच आहेत. स्थलांतर करणाऱ्याने चाचणीला `test123` वापरला असेल तर त्यालाही काही दिसलं नसणार. असले बिघाड चाचणीतून निसटतात ते यामुळेच.

पीएचपीबीबीच्या मंडळींना हे ठाऊक होतं. तिसऱ्या आवृत्तीच्या लॉगिनच्या कोडमध्ये, रूपांतर बाकी असलेल्या सदस्याचा पासवर्ड आधी आला तसा तपासला जातो आणि जुळला नाही तर तो विंडोज-१२५२मध्ये बदलून पुन्हा तपासला जातो. शेजारच्या टिपणात प्रामाणिकपणे लिहिलंय की हे दुसऱ्या आवृत्तीचं मूळ एन्कोडिंग असल्यामुळे इंग्रजीबाहेरची अक्षरं अशाने ‘चालून जातीलही’. ते ‘जातीलही’ महत्त्वाचं आहे. आमच्या `Kästner`वाल्याचं काम झालं. पण पोलिश पानं आयएसओ-८८५९-२मध्ये होती आणि रशियन पानं विंडोज-१२५१मध्ये. त्या बाइटांपर्यंत हा दुसरा प्रयत्न पोहोचत नाही. अशा सदस्याला पडद्यावर वेगळा संदेश दिसे: सॉफ्टवेअर बदलताना तुमच्या पासवर्डचं रूपांतर होऊ शकलं नाही, नवा मागवा. ‘पासवर्ड चुकीचा’ म्हणून त्याच्यावर खापर फोडण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

मराठी पासवर्डाचं काय झालं असतं, हे पाहण्यासारखं आहे. इनस्क्रिप्टचा कळफलक लावून कोणी अशाच इंग्रजी मंचावर ‘कमळ’ असा पासवर्ड ठेवला असं धरू. आयएसओ-८८५९-१मध्ये देवनागरी अक्षरांना जागाच नाही. मग ब्राउझर एक शक्कल लढवतो: पानाच्या एन्कोडिंगात न बसणाऱ्या अक्षराच्या जागी तो त्याचा युनिकोड क्रमांक एचटीएमएलच्या खुणेत गुंडाळून पाठवतो. सर्व्हरला ‘कमळ’ मिळतच नाही, मिळतं ते हे:

```
&#2325;&#2350;&#2355;
```

एकवीस चिन्हं, तीही सगळी इंग्रजी. जुन्या सर्व्हरने हॅश काढला तो या एकवीस चिन्हांचा. पान यूटीएफ-८चं झालं की तोच ब्राउझर तीन अक्षरांचे नऊ बाइट सरळ पाठवतो. विंडोज-१२५२ करून पाहिलं तरी ती एकवीस चिन्हं परत येत नाहीत. ती मुद्दाम पुन्हा घडवावी लागतात, आणि पूर्वी ब्राउझर असं करत होता हे माहीत असेल तरच ते कोणाला सुचेल.

एन्कोडिंगच्या बरोबरीने वाटेवर आणखीही हात लागलेले असतात. पीएचपी या भाषेत एके काळी बाहेरून येणाऱ्या मजकुरातल्या प्रत्येक अवतरणचिन्हामागे आपोआप उलटी तिरपी रेघ घालण्याची सोय होती. डेटाबेसवरचे हल्ले अडवावेत हा हेतू. ही सोय २०१२ सालच्या ५.४ आवृत्तीत काढून टाकली. पीएचपीबीबीची दुसरी आवृत्ती तर, ही सोय बंद असेल तर, त्या रेघा स्वतः घालून घ्यायची. त्यामुळे `O'Neil` हा पासवर्ड हॅशपर्यंत पोहोचायचा तो `O\'Neil` होऊन. तिसऱ्या आवृत्तीने वेगळीच सवय लावून घेतली. पानावर दाखवायला सुरक्षित व्हावा म्हणून ती सगळा येणारा मजकूर, पासवर्डसकट, एचटीएमएलच्या खुणांत बदले. `R&B` लिहिलंत की हॅश निघायचा `R&amp;B` याचा. पासवर्ड कधी पानावर दाखवायचाच नसतो, तेव्हा या सोपस्काराला काही अर्थ नव्हता. पण तो सगळ्या मजकुराला सरसकट लागू होता आणि त्यात पासवर्डही सापडला. त्या सॉफ्टवेअरमध्ये राहिलात तोवर त्रास काहीच नाही, कारण नोंदणीच्या वेळी आणि लॉगिनच्या वेळी चूक एकसारखीच होते. तिथले हॅश उचलून दुसऱ्या प्रणालीत नेलेत की मग `&`, `<`, `>` किंवा दुहेरी अवतरणचिन्ह वापरणारेच तेवढे बाहेर राहतात. गंमत म्हणजे ‘पासवर्डात विशेष चिन्ह घाला’ हा उपदेश ज्यांनी मनापासून पाळला, तेच हे लोक.

कधी कधी दोष वाटेत नसतो, हॅशच्या कोडमध्येच असतो. अलेक्झांडर पेस्ल्याक हे सुरक्षाक्षेत्रात ‘सोलर डिझायनर’ या नावाने ओळखले जातात, पीएचपास त्यांचंच. बीक्रिप्ट पद्धतीचा त्यांनी लिहिलेला कोड कित्येक लिनक्स प्रणालींमध्ये आणि पुढे पीएचपीमध्ये वापरला गेला. २०११ साली त्यात एक चूक सापडली. बीक्रिप्ट पासवर्डाचे बाइट चार-चारच्या गटांत घेऊन ३२ बिटांचा एकेक शब्द बनवतं. नवा बाइट आला की आधीचे डावीकडे सरकवायचे आणि नवा उजवीकडे मिसळायचा. या कोडमध्ये नव्या बाइटला चुकून ऋण-धन चिन्ह असलेली संख्या मानलं होतं. इंग्रजी अक्षरांचे बाइट `80`च्या खालचे, ते या अर्थाने धनच ठरतात, म्हणून काही बिघडत नसे. पण `E4` हा बाइट ऋण ठरायचा आणि ३२ बिटांत पसरताना `FFFFFFE4` व्हायचा. मिसळताना त्याच्या डावीकडचे सगळे `F` आधीच्या बाइटांवर बसायचे.

आपल्याच उदाहरणात, जुन्या एन्कोडिंगात, पहिला गट असा तयार होतो:

```
K   0000004B
ä   FFFFFFE4
s   FFFFE473
t   FFE47374
```

`K` पुसला गेला. त्या जागी कोणतंही इंग्रजी अक्षर असतं तरी शेवटची ओळ हीच आली असती. बीक्रिप्ट पासवर्ड, त्याच्या अखेरच्या शून्य बाइटसह, पुन्हा पुन्हा ओळीने मांडतं. इथे सात अधिक एक असे बरोबर आठ बाइट होतात आणि आठाला चाराने भाग जातो, त्यामुळे `K` दर फेरीला गटाच्या आरंभीच येतो आणि दर फेरीला पुसला जातो. परिणामी, `Kästner`च्या खात्यात `Pästner` टाकूनही शिरता आलं असतं. पासवर्ड एका बाइटने लांब किंवा आखूड असता तर काही फेऱ्यांत `K` गटाच्या शेवटी जाऊन वाचला असता.

चूक दुरुस्त करायलाच हवी होती. पण दुरुस्त केली की ज्यांच्या पासवर्डात असे बाइट आहेत त्यांचे, चुकीच्या गणिताने बनलेले सगळे जुने हॅश निरुपयोगी ठरतात. यावरचा तोडगा मला फार आवडतो. बीक्रिप्टचा हॅश `$2a$` अशा खुणेने सुरू होई. त्यांनी दोन नव्या खुणा काढल्या: `$2y$` म्हणजे नक्की बरोबर गणिताने काढलेला, आणि `$2x$` म्हणजे जाणूनबुजून जुन्या, चुकीच्या गणितानेच तपासायचा. ज्या व्यवस्थापकाला आपल्या सदस्यांना बाहेर ठेवायचं नाही, त्याने जुन्या हॅशमधला एक `a` बदलून `x` करायचा. माणूस आत आला की नवा हॅश `$2y$`ने लिहायचा. चूक जपून ठेवायची, पण तिला नाव देऊन.

ऑगस्ट २०११मध्ये ही दुरुस्ती घेऊन पीएचपीची ५.३.७ ही आवृत्ती आली, आणि तिच्यात नवीनच घोळ निघाला. तिचं `crypt()` हे फंक्शन एमडी५ पद्धतीने वापरलं तर हॅशऐवजी नुसता सॉल्टच परत देत होतं. जुने सदस्य बाहेर अडकले. त्या काळात ज्यांचे नवे पासवर्ड साठवले गेले, त्यांच्या खात्यांना मात्र कोणताही पासवर्ड चालला असता. थोड्याच दिवसांत ५.३.८ काढावी लागली.

देवनागरीत पासवर्ड ठेवणारे आज थोडे असतील, पण तो ठेवू देणाऱ्या प्रणाली पुष्कळ आहेत, आणि सगळीकडे यूटीएफ-८ आलं म्हणून प्रश्न मिटलेला नाही. आपला ‘दुसऱ्या’ हा शब्दच घ्या. त्यातला अर्धा र दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एका तऱ्हेत ऱ हे स्वतंत्र अक्षर, त्यापुढे हलन्त आणि य. दुसऱ्या तऱ्हेत साधा र, हलन्त, मग शून्य रुंदीचं एक अदृश्य जोडचिन्ह आणि य. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, बाइट मात्र वेगळे आहेत:

```
E0 A4 B1  E0 A5 8D
E0 A4 B0  E0 A5 8D  E2 80 8D
```

एकच अक्षर अनेक प्रकारे लिहिलं गेलं असेल तर ते एका रूपात आणण्याची युनिकोडची अधिकृत रीत आहे. साधा र आणि वेगळा नुक्ता असं कोणी लिहिलं असेल तर ती रीत त्याचा एकसंध ऱ करते. पण वरच्या दोन तऱ्हांना ती एक मानत नाही. त्यामुळे जुन्या यंत्रावर एका तऱ्हेने पासवर्ड ठेवला आणि नवा कळफलक दुसऱ्या तऱ्हेने लिहीत असेल, तर सर्व्हरची काही चूक नसताना माणूस बाहेर राहतो. चूक सर्व्हरची असते ती निराळ्या प्रसंगी. स्थलांतराच्या ओघात कोणीतरी ‘स्वच्छता’ म्हणून अदृश्य चिन्हं गाळणारी एक ओळ घालतो. इंग्रजी पासवर्डांना तिचा धक्काही लागत नाही, आणि दुसऱ्या तऱ्हेने ‘दुसऱ्या’ लिहिणाऱ्याचा पासवर्ड ‘दुसर्या’ होऊन जातो.

बीक्रिप्टची आणखी एक मर्यादा आपल्याला जास्त भोवते. ते पासवर्डाचे पहिले ७२ बाइटच विचारात घेतं. इंग्रजीत ७२ अक्षरं म्हणजे भरपूर झाली. देवनागरीत प्रत्येक अक्षराला, मात्रेला, हलन्ताला आणि अनुस्वाराला तीन-तीन बाइट लागतात, म्हणजे सगळी मिळून २४ चिन्हं. ‘आमच्या अंगणात दोन पेरूची झाडं आहेत’ हे वाक्य पासवर्ड म्हणून ठेवलं तर ‘पेरूची’पर्यंत आणि पुढच्या मोकळ्या जागेपर्यंत ६७ बाइट होतात, ‘झ’वर ७०, आणि त्याच्या कान्याचे तीनपैकी दोनच बाइट आत येतात. पुढे ‘झाडं आहेत’ लिहा की ‘झाली’, बीक्रिप्टला फरक कळत नाही. काही प्रणाली हे शेपूट गुपचूप कापतात, काही लांब पासवर्ड सरळ नाकारतात. एमडी५ला लांबीची मर्यादा नव्हती, त्यामुळे नाकारणाऱ्या प्रणालीत स्थलांतर झालं की लांबलचक वाक्यं ठेवणारे अडकतात. वर्डप्रेसने एप्रिल २०२५मधल्या ६.८ आवृत्तीत बीक्रिप्ट घेतलं तेव्हा यावर तोड काढली: पासवर्ड कितीही लांब असो, आधी एसएचए-३८४ने त्याचा ४८ बाइटांचा हॅश काढायचा, तो ६४ साध्या चिन्हांत लिहायचा आणि मग तो बीक्रिप्टला द्यायचा. चिन्हांत लिहायचं कारण असं की कच्च्या बाइटांत मध्येच शून्य आलं तर काही कोड तिथेच मजकूर संपला असं समजतात.

हॅश स्वतः काही सांगत नसल्यामुळे, काय बिघडलंय हे शोधायचं ते कोण अडकलंय यावरून. स्थलांतर होताच सगळेच अडकले असतील तर एन्कोडिंगच्या मागे लागू नये. मूळ पद्धतच चुकीची ओळखलेली असते. पहिल्यांदा लॉगिन झालं आणि दुसऱ्यांदा होत नाही, अशी विचित्र तक्रार आली तर डेटाबेसातल्या रकान्याची रुंदी बघावी. जुन्या हॅशसाठी ४० अक्षरांचा रकाना पुरे होता, बीक्रिप्टला ६० लागतात. पहिल्या वेळी जुना हॅश जुळतो, नवा लिहिला जातो, आणि डेटाबेस सैल नियमांवर चालत असेल तर शेवटची वीस अक्षरं मुकाट कापली जातात. दुसऱ्या वेळी जुळायला काही उरलेलंच नसतं. आणि अडकलेल्यांमध्ये `ä`, `ł` किंवा ‘ळ’ वापरणारेच जास्त असतील, तर वाट तपासायला घ्यावी.

अडकलेल्या माणसाकडूनही एक उपयोगी चाचणी करून घेता येते. त्याला ‘पासवर्ड विसरलात?’मधून जाऊन नवा पासवर्ड म्हणून आपला जुनाच टाकायला सांगायचा. त्यानंतर लॉगिन झालं तर कळफलक आणि नवी वाट या दोन्ही ठीक आहेत. अशा चार-दोन माणसांच्या पासवर्डात एकाच जातीची चिन्हं निघाली, तर दोष विसरभोळेपणात नसून जुन्या हॅशच्या बाइटांत आहे असं धरायला हरकत नाही. चिन्हं कोणत्या जातीची एवढंच विचारायचं, पासवर्ड विचारायचा नाही. तोच पासवर्ड नव्याने ठेवूनही लगेच नाकारला गेला आणि साधी इंग्रजी अक्षरं असलेला मात्र चालला, तर पासवर्ड बदलण्याचा अर्ज आणि लॉगिनचा अर्ज तो वेगवेगळ्या रीतीने हाताळताहेत. एक जण कडेची मोकळी जागा छाटतो किंवा खुणा बदलतो, दुसरा नाही.

कारण सापडलं की कोड फार लागत नाही. वेष्टनात ठेवलेला जुना हॅश तपासताना पासवर्ड संभाव्य जुन्या रूपांत एकेक करून बघायचा. कोणतंही रूप जुळलं तरी नवा हॅश मात्र एकाच, आलेल्या यूटीएफ-८ रूपावरून काढायचा:

```php
$forms = [
  $typed,
  mb_convert_encoding($typed, 'Windows-1252', 'UTF-8'),
  addslashes($typed),
];
foreach ($forms as $f) {
  if (password_verify(md5($f), $oldHash)) {
    $newHash = password_hash($typed, PASSWORD_DEFAULT);
    break;
  }
}
```

यादीत कोणती रूपं घालायची हे जुन्या सॉफ्टवेअरच्या कोडवरूनच कळतं, म्हणून तो कोड सर्व्हरवरून उतरवला तरी फेकून देऊ नये. एन्कोडिंग आणि तिरपी रेघ दोन्ही लागलेले पासवर्डही असतात, तेव्हा जोडरूपंही धरावी लागतात. पण वाट्टेल तेवढी रूपं घालणंही बरं नाही. प्रत्येक रूप म्हणजे संथ हॅशची आणखी एक फेरी, आणि चार रूपं तपासली तरी तो चोराचा एकच प्रयत्न म्हणून मोजला गेला पाहिजे. पीएचपीबीबीत रूपांतर फसलं तरी तो चुकलेला प्रयत्न म्हणून मोजला जातो, तो यासाठीच. ज्या सदस्यांच्या नावापुढची खूण वर्ष-दोन वर्षांनंतरही पुसली गेलेली नाही, त्यांचे जुने हॅश एका ठरवलेल्या तारखेला काढून टाकावेत. ते कधी परतले, तर नोंदवलेल्या ईमेलवरून नवा पासवर्ड घेतील.